शूकात्सुच्या स्वपरिचयात निजू केइगो: माझा मजकूर तपासून द्याल का?

बकुळ

नमस्कार. मी जपानमध्ये, कान्साईत, इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. सध्या शूकात्सु चालू आहे, म्हणजे पदवी मिळायच्या आधीच नोकरी शोधायची इथली धावपळ. १ मार्चपासून कंपन्यांच्या माहितीसभा सुरू झाल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी पहिली मुलाखत आहे. सुरुवातीलाच एका मिनिटात स्वतःची ओळख करून द्यायची असते. ती मी लिहून काढली आणि विद्यापीठाच्या करिअर सेंटरमधल्या बाईंना दाखवली. त्यांनी लाल पेनाने सात ठिकाणी गोल केले, वर 'निजू केइगो' एवढंच लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. पुढची वेळ थेट दोन आठवड्यांनी मिळाली आहे.

केइगो म्हणजे आदराची भाषा आणि निजू केइगो म्हणजे दुहेरी आदर, एवढं मला कळतं. पण त्या सातांपैकी नेमकं कुठे काय चुकलं ते कळत नाही. सगळ्यांना वाचता यावं म्हणून मजकूर देवनागरीत देते:

"हाजिमेमाशिते. अमुक दाइगाकु कोओगाकुबु योनेन नो अमुक तो मोओसासेते इतादाकिमासु. होन्जित्सु वा किशासामा नि ओउकागाइ सासेते इतादाकि, आरिगातोओ गोझाइमासु. सेन्जित्सु नो सेत्सुमेइकाइ दे शाचोओसामा गा ओश्शारारेता 'त्सुकाउ हितो नो ते ओ मिरु' तो इउ ओकोतोबा नि काम्मेइ ओ उकेमाशिता. वाताशी वा पान्या दे आरुबाइतो ओ सासेते इतादाइते ओरिमासु. तेन्चोओ गा 'राबेरु ओ योमेनाइ काता मो इरु' तो ओश्शारारे, ओक्याकुसामा गा पान ओ ओएराबि नि नारारेरु तोकि, ए दे वाकारु हयोओ ओ त्सुकुरासेते इतादाकिमाशिता. होओमुपेएजी मो हाइकेन सासेते इतादाकि, केइकेन ओ इकासेरु तो ओमोइमाशिता."

गोल होते ते मोओसासेते इतादाकिमासु, किशासामा, ओउकागाइ सासेते इतादाकि, शाचोओसामा, ओश्शारारेता, ओएराबि नि नारारेरु आणि हाइकेन सासेते इतादाकि यांवर. थोडक्यात अर्थ: मी अमुक विद्यापीठाची, आज तुमच्याकडे आले, माहितीसभेत तुमचे अध्यक्ष म्हणाले होते 'वापरणाऱ्या माणसाचे हात बघा', ते मनाला भिडलं, मी एका बेकरीत अर्धवेळ काम करते, तिथे मालक म्हणाले की काही गिऱ्हाइकांना लेबल वाचता येत नाही, म्हणून मी अंडं, दूध, गहू असा चित्रांचा तक्ता बनवला, तुमची वेबसाइटही पाहिली, माझा अनुभव इथे उपयोगी पडेल असं वाटलं.

तळ्यातमळ्यात

मी पुण्यात एन-टू या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करतेय. मला जेवढं कळलंय ते सांगते. एका वाक्यात एकच केइगो असावा, दोन आले की निजू केइगो. तुझ्या तिसऱ्या वाक्यात किशासामा, ओउकागाइ, इतादाकि आणि गोझाइमासु असे चार आहेत. अध्यक्षांच्या वाक्यात ओश्शारारेता आणि ओकोतोबा असे दोन. तेव्हा प्रत्येक वाक्यात एकच ठेव, बाकीचे साधे कर.

राजगिरा

मी नागोयात आठ वर्षं नोकरी करतोय. माझं मत थोडं वेगळं आहे. परदेशी विद्यार्थ्याकडून हे सगळं कोणी अपेक्षित धरत नाही. 'देसु-मासु' लावून साधं, नीट बोललीस तर पुरे. मी मुलाखतीत केइगो जवळजवळ वापरलाच नव्हता आणि निवड झाली. हे गोल सोडवत बसण्यापेक्षा तक्त्याची गोष्ट नीट सांग, ती खरंच चांगली आहे.

उंबरठा

बकुळ, मजकूर दिलास हे बरं केलंस, नाहीतर हवेतच बोलणं झालं असतं. मी वीसेक वर्षं भाषांतर आणि दुभाषीपण करते. आधी तळ्यातमळ्यात यांच्या म्हणण्याबद्दल, कारण हा गैरसमज जपानी मुलांमध्येही फार आहे.

निजू केइगो वाक्याला लागत नाही, शब्दाला लागतो. एकाच शब्दावर, एकाच जातीचा आदर दोनदा चढवला तर तो निजू. वाक्यात दहा वेगवेगळ्या शब्दांना आदर असला तरी चालतं. 'ओश्शात्ता ओकोतोबा' मध्ये म्हणणं हा एक शब्द आणि बोल हा दुसरा. दोघांना एकेक आदर मिळाला आहे. त्यात काहीच चूक नाही, म्हणून बाईंनी ओकोतोबावर गोल केला नाही.

आता 'ओश्शारारेता' बघ. साधं क्रियापद 'इउ', म्हणणे. त्याचं आदराचं रूप 'ओश्शारु'. हा शब्दच मुळात आदराचा, आत साखर घालूनच आलेला. त्यावर तू आणखी 'रारेरु' लावलंस. 'रेरु-रारेरु' हे साध्या क्रियापदाला आदराचं करायचं साधन आहे, आणि इथे क्रियापद आधीच आदराचं होतं. म्हणून 'ओश्शात्ता' एवढंच.

'ओएराबि नि नारारेरु' मध्ये तेच झालंय, फक्त वाट वेगळी. 'एराबु', निवडणे. पुढे 'ओ' आणि मागे 'नि नारु' लावलं की आदराचं रूप पूर्ण होतं: 'ओएराबि नि नारु'. तू त्या 'नारु'लाही 'रारेरु' लावलंस. ते काढ.

तपासायची रीत मी माझ्या विद्यार्थ्यांना अशी सांगते: शब्दातला एक थर काढायचा. उरलेलं रूप स्वतःच्या पायावर उभं राहतं का आणि त्यात आदर शिल्लक आहे का, ते बघायचं. शिल्लक असेल तर काढलेला थर जास्तीचा होता.

तळ्यातमळ्यात

म्हणजे मी इतके दिवस चुकीचं धरून बसले होते. धन्यवाद, ताई. पण मग एक शंका. आमच्या पुस्तकात 'ओयोमि नि नारेमासु' असं वाक्य आहे. तेही 'नारु'ला 'रेरु' लावूनच झालंय ना? ते पुस्तकाचं चुकलं का?

उंबरठा

नाही, पुस्तक बरोबर आहे. एका अक्षराचा खेळ आहे, नीट ऐका. 'नारेमासु' आणि 'नारारेमासु'. पहिल्याचा अर्थ 'वाचू शकता'. आदर एकदाच आहे, 'रे' शक्यता दाखवतोय. दुसऱ्यात मधे एक 'रा' जास्त आला आणि तो आदराचा दुसरा थर झाला. ग्रंथालयात 'इथे वाचता येईल' अशी पाटी लिहायची तर पहिलं रूप. घाईत बोलताना जपानी माणसाच्या तोंडीही तो जास्तीचा 'रा' चुकून येतो.

शेवंती

मी शाळेत मराठी शिकवते, जपानी येत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आपल्याकडेही हे होतंच की. पत्रिकांवर 'माननीय श्रीमान अमुक साहेब यांजकडे' असं लिहितात. 'गुरुजी सर' म्हणणारी मुलंही मी पाहिली आहेत. बकुळचं जपानी मराठीच्या वळणाने चाललंय असं मला वाटतं. मराठीत एकदा आदर धरला की वाक्यभर सोडता येत नाही. 'सर आले, बसले आणि म्हणाला' असं कोणी म्हणत नाही. प्रत्येक क्रियापद अनेकवचनात जायलाच हवं. त्या सवयीने ती जपानीतही जागोजागी आदर भरत असेल का?

उंबरठा

शेवंतीताई, निम्मं पटलं. क्रियापदामागून क्रियापद येतं तिथे ही सवय नक्की डोकावते. 'वाचत आहेत' याला आपल्या मुली हटकून 'ओयोमि नि नात्ते इराश्शारु' म्हणतात, कारण वाचणे आणि असणे दोन्हीकडे आदर द्यावासा वाटतो. पण गंमत अशी की ते चुकीचं नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत, 'ते'ने जोडलेले, दोघांना एकेक आदर. जपानी लोक मात्र बहुधा शेवटच्यालाच देतात, 'योन्दे इराश्शारु', आणि ते कानाला हलकं लागतं.

पण 'ओश्शारारेता'चं मूळ मराठीत नाही. जपानी घरात वाढलेली मुलंसुद्धा शूकात्सुमध्ये नेमकी हीच चूक करतात. कारण त्यांना, आणि बकुळलाही, 'ओश्शारु' इतका ओळखीचा झालेला असतो की त्यात आदर आहे हे जाणवेनासं होतं. मुलाखतीत भीती असते, म्हणून वर आणखी एक चढवला जातो. भाजीत मीठ घातलं होतं की नाही ते आठवत नाही, म्हणून पुन्हा चिमूटभर घालतो, तसं.

चाकणकर

माझी अडचण याच जातीची आहे, म्हणून इथेच विचारतो. मी चाकणला क्वालिटीत आहे, आमचा जपानी ग्राहक आहे. मेलवर मी पाच वर्षं 'बुचोओ सामा', म्हणजे 'विभागप्रमुख साहेब', असं लिहीत आलो. मागच्या महिन्यात तिकडून बदलून आलेल्या एका साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं की 'बुचोओ'मध्येच मान आहे, 'सामा' नको. पण त्यांच्याच ऑफिसातली माणसं फोनवर दुसऱ्या कंपनीच्या माणसाबद्दल 'शाचोओसान' म्हणताना मी ऐकली आहेत. मग नियम कोणासाठी आहे?

उंबरठा

चाकणकर, तुमच्या साहेबांनी मेलबद्दल सांगितलं ते बरोबर आहे. हुद्दा नावामागे लावला की तोच आदराचं काम करतो. 'सामा' लावायचं असेल तर हुद्दा आधी घ्यायचा आणि नावाला 'सामा' लावायचं. म्हणजे आधी 'बुचोओ', मग आडनाव, मग 'सामा'. बोलण्यात 'शाचोओसान' ऐकू येतं हेही खरं आहे. दुकानदार, बँकेची माणसं तसं आपुलकीने म्हणतात. लिहिताना तो सैलपणा खपत नाही.

क्रियापदांच्या बाबतीत मी जितकी ठाम आहे तितकी इथे नाही. निजू केइगोची नेमकी व्याख्या क्रियापदांवर चांगली बसते, हुद्द्यांवर ओढून बसवावी लागते. पण बकुळच्या कागदावर 'शाचोओसामा' ऐवजी 'शाचोओ' करावं, यात शंका नाही.

'किशासामा'चंही तसंच. 'कि' म्हणजेच 'आपली, थोर', वर 'सामा' कशाला? शिवाय हे तोंडी बोलायचं आहे. तोंडी 'ओन्शा' म्हणतात, 'किशा' लिहिताना वापरतात. 'किशा' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वार्ताहर, आगगाडी, ऑफिसला परत येणं असं काहीही वाटू शकतं, सगळ्यांचा उच्चार एकच. एंट्री शीटवर लिहिशील तेव्हा 'किशा', समोर बसून बोलशील तेव्हा 'ओन्शा', आणि दोन्हीकडे 'सामा' नाही.

बकुळ

उंबरठाताई, खूप खूप आभार. ओश्शारारेता, ओएराबि नि नारारेरु, किशासामा, शाचोओसामा, हे चार समजले. उरले तीन, आणि तिन्हीत 'सासेते इतादाकु', म्हणजे 'करू देणे मिळणे', आहे. आता एक विचित्र गोष्ट लक्षात आली. 'तेन्चोओ गा ओश्शारारे' हेही तसंच आहे, पण त्यावर बाईंनी गोल केलाच नाही! तिथेही 'ओश्शारि' करू ना?

राजगिरा

हो, एका ठिकाणी केलंस तर दोन्हीकडे कर. बाईंच्या नजरेतून सुटलं असेल.

कोबेचा_पाऊस

थांबा, तिथे 'ओश्शारि' नको. मी कोबेत एका मध्यम आकाराच्या कंपनीत आहे आणि गेली चार वर्षं पहिल्या फेरीच्या मुलाखतींना बसतो. बेकरीचे मालक तुझे, आणि आम्ही परके. परक्यांसमोर आपल्या माणसाचा मान वाढवायचा नसतो. आपल्या वडिलांबद्दल परक्यांशी बोलताना 'चिचि' म्हणतो, 'ओतोओसान' म्हणत नाही, तसंच. एक थर काढून हे सुधारणार नाही, दोन्ही थर काढावे लागतील. 'तेन्चोओ नि ओसोवारि', मालकांकडून शिकले, असं म्हण. साधं आहे आणि मालकांबद्दलची कृतज्ञताही येते.

बाईंनी गोल का केला नाही ते मला सांगता येणार नाही. कदाचित ही चूक त्यांना निजूच्या मथळ्याखाली घालायची नसेल.

बकुळ

हे मला सुचलंच नसतं! मी मालकांचा मान राखायला गेले आणि तो चुकीच्या माणसांसमोर राखला. मग 'त्सुकुरासेते इतादाकिमाशिता'चंही तेच ना? तक्ता बनवायची परवानगी मालकांनी दिली होती, म्हणून मी 'सासेते' लावलं.

उंबरठा

अगदी तेच. जपानच्या सांस्कृतिक परिषदेने फेब्रुवारी २००७ मध्ये 'केइगो नो शिशिन' नावाची मार्गदर्शिका दिली. निजू केइगोचा वाद निघाला की बहुतेक जण तिच्याकडेच बोट दाखवतात. 'सासेते इतादाकु'बद्दल तिच्यात दोन कसोट्या आहेत: समोरच्याची परवानगी घेऊन करतोय का, आणि त्यातून आपल्याला काही लाभ, उपकार मिळतोय का. दोन्ही जितक्या खऱ्या, तितका शब्द शोभतो.

तुझ्या मजकुरावर लावून बघ. स्वतःचं नाव सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. 'मोओसु' हा स्वतःला लहान करून सांगायचा शब्द आहेच. 'तो मोओशिमासु' झालं. तक्त्याची परवानगी खरी आहे, पण ती मालकांची, आणि हा नम्रपणा मालकांकडे जातो, मुलाखतीतल्या लोकांकडे नाही. म्हणून 'त्सुकुरिमाशिता', बनवला. अर्धवेळ काम 'शिते इमासु'. यात मुलाखत घेणाऱ्यांचा काडीचा संबंध नाही.

आता 'ओउकागाइ सासेते इतादाकि'. 'उकागाउ' हा जाणे किंवा भेटायला येणे याचा नम्र शब्द. 'ओ' आणि 'सुरु'च्या साच्यात घातला की दुसरा नम्र थर. वर 'सासेते इतादाकु' हा तिसरा. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे पहिले दोन थर त्या मार्गदर्शिकेनेच माफ केले आहेत. 'ओउकागाइ सुरु' हे काटेकोरपणे निजूच, पण लोकांच्या तोंडी इतकं रुळलं की चालतं, असं तिथे सांगितलं आहे. आदराच्या बाजूने 'ओमेशिआगारि नि नारु' आणि 'ओमिए नि नारु' हेही त्याच माफीत बसतात. म्हणून हॉटेलात वेटर 'ओमेशिआगारि नि नारिमासु का' म्हणाला तर तो चुकला असं समजू नका. पण बकुळचा तिसरा थर त्या माफीत नाही.

इथे मी क्रियापदच बदलेन. मुलाखतीत 'मी आले' हे सांगायचं नाहीच, त्यांनी वेळ दिला हे सांगायचंय. 'मेन्सेत्सु नो ओजिकान ओ इतादाकि, आरिगातोओ गोझाइमासु.'

तळ्यातमळ्यात

मग 'हाइकेन सासेते इतादाकु' पण काढायचं? आमचे सर त्यावर खूप चिडतात. पण 'हाइकेन इताशिमाशिता' चालतं म्हणतात. मला दोन्ही सारखेच दुहेरी वाटतात.

उंबरठा

'हाइकेन इताशिमाशिता' खरंच चालतं, सर बरोबर सांगतात. नम्र शब्दही दोन जातींचे असतात. 'हाइकेन' मध्ये मी ज्याची वस्तू बघतो त्याच्यापुढे लहान होतो. 'इतासु' मध्ये मी ज्याच्याशी बोलतोय त्याच्यापुढे अदबीने बोलतो. रोख वेगवेगळा आहे, म्हणून एकाच जातीचे दोन थर होत नाहीत.

'हाइकेन सासेते इतादाकु' मात्र भांडणाचा शब्द आहे. एक बाजू म्हणते, 'हाइकेन'ही समोरच्याकडे झुकणारा आणि 'इतादाकु'ही त्याच्याकडेच झुकणारा, तेव्हा निजू. दुसरी बाजू म्हणते, बघणे हे एक क्रियापद आणि 'करू देणे मिळणे' हे दुसरं, मधे 'ते' आहे, तेव्हा 'ओयोमि नि नात्ते इराश्शारु'सारखी ही नुसती जोडणी. मी दुसऱ्या बाजूची आहे. व्याकरणाने ती मला निजू वाटत नाही.

कोबेचा_पाऊस

इथे मी तुमच्याशी सहमत नाही, उंबरठाताई. व्याकरणाच्या दृष्टीने तुमचं बरोबर असेलही. पण वेबसाइट जगाला खुली आहे. ती बघायला आम्ही परवानगी दिलीच नाही. तुम्हीच सांगितलेली कसोटी लावली तर पहिल्या पायरीवरच शब्द पडतो. एखादा न छापलेला नकाशा आम्ही कपाटातून काढून दाखवला असता तर 'हाइकेन सासेते इतादाकिमाशिता' मला खुपलं नसतं.

उंबरठा

वेबसाइटपुरतं तुमचं म्हणणं मानते, तिथे परवानगीचा प्रश्नच नाही. पण त्याला निजू केइगो म्हणू नये, ही माझी अट कायम आहे. चुकीला चुकीचं नाव दिलं की विद्यार्थी भलतंच शिकतात. उद्या बकुळ ते नकाशाचं वाक्यही खोडून टाकेल.

कोबेचा_पाऊस

करिअर सेंटरवाल्या बाई माझ्यासारखंच म्हणणार, आणि मुलाखतीतले बरेच जणही. त्यांच्या तोंडी 'निजू' म्हणजे 'जरुरीपेक्षा जास्त' एवढंच असतं.

राजगिरा म्हणतात त्यातही तथ्य आहे, मी कोणाला 'ओश्शारारेता'साठी नापास केलेलं नाही. पण एक गोष्ट ऐका. एका मिनिटात माणूस साधारण ३०० अक्षरं आरामात बोलतो. 'सासेते इतादाकिमासु' ही कानात नऊ अक्षरं, 'शिमासु' तीन. बकुळच्या मजकुरात 'सासेते इतादाकु' पाच वेळा आहे. सरासरी सहा धरली तर तीस अक्षरं, म्हणजे मिनिटाचा दहावा भाग. तेवढ्यात तक्त्यानंतर काय झालं ते सांगता येईल. मला मुलाखतीत नेमकं तेच हवं असतं आणि तेच या मजकुरात नाही. तक्ता लावल्यावर काय झालं?

राजगिरा

हा हिशोब आवडला. माझं 'केइगो सोडून दे' जरा उतावळेपणाचं झालं, कारण काढायचं काय आणि ठेवायचं काय, हे कळायला केइगो यायलाच हवा. आठ वर्षांपूर्वी माझी कंपनी सॉफ्टवेअरची होती, मुलाखत घेणाराही टी-शर्टमध्ये आला होता. तिथलं माप सगळीकडे लावणं बरोबर नाही.

बकुळ

काय झालं ते सांगते. आधी गिऱ्हाईक काउंटरवर येऊन 'यात अंडं आहे का' विचारायचं, मी आत जाऊन मालकांना विचारायचे आणि रांग थांबायची. तक्ता लावल्यावर लोक स्वतःच बोट ठेवून बघू लागले. एक आजी रोज यायच्या, त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्या आता अंड्याच्या चित्रावर बोट टेकवतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात. मला अध्यक्षांचं 'हात बघा' हे वाक्य भिडलं ते यामुळेच, पण मजकुरात हे मी लिहिलंच नव्हतं.

नवीन मजकूर:

"हाजिमेमाशिते. अमुक दाइगाकु कोओगाकुबु योनेन नो अमुक तो मोओशिमासु. होन्जित्सु वा मेन्सेत्सु नो ओजिकान ओ इतादाकि, आरिगातोओ गोझाइमासु. वाताशी वा पान्या दे आरुबाइतो ओ शिते इमासु. तेन्चोओ नि 'राबेरु ओ योमेनाइ काता मो इरु' तो ओसोवारि, ए दे वाकारु हयोओ ओ त्सुकुरिमाशिता. इमा वा ओक्याकुसामा गा जिबुन दे ए नि युबि ओ ओकि, ओएराबि नि नारिमासु. सेन्जित्सु नो सेत्सुमेइकाइ दे शाचोओ गा ओश्शात्ता 'त्सुकाउ हितो नो ते ओ मिरु' तो इउ ओकोतोबा ओ उकागाइ, सोनो युबि ओ ओमोइदाशिमाशिता. ओन्शा नो होओमुपेएजी मो हाइकेन शिमाशिता. सेइहिन ओ गोरान नि नारारेरु काता नो ते कारा कान्गाएरु शिगोतो ओ शिताइ देसु."

घड्याळ लावून वाचला, ५१ सेकंद झाले. 'उकागाउ' या वेळी 'ऐकले' या अर्थाने, एकाच थराचा.

शेवंती

मला भाषा कळत नाही, पण तो बोटाचा दुवा छान जुळला, बकुळ.

उंबरठा

खूप सुटसुटीत झालं. 'ओक्याकुसामा गा... ओएराबि नि नारिमासु' ठेवलंस ते चालेल, गिऱ्हाईक दुकानाला परकंच असतं. साधं 'एराबिमासु' म्हटलंस तरी 'सामा' आहे, आदर कमी होत नाही. दोन्ही मोठ्याने म्हणून बघ, जे अडखळत नाही ते ठेव.

शेवटचं वाक्य मात्र पुन्हा वाच. माझी रीत लाव, एक थर काढून बघ.

बकुळ

'गोरान नि नारारेरु'! जुन्यातून काढला आणि नव्यात आला. 'मिरु', मग 'गोरान नि नारु', आणि वर माझा 'रारेरु'. दुरुस्ती: 'सेइहिन ओ गोरान नि नारु काता'.

कोबेचा_पाऊस

आणखी एक. तुझ्या अध्यक्षांचं वाक्य 'वापरणारा माणूस' असं आहे, तू 'पाहणारा' केलंस. 'त्सुकाउ काता' म्हण. 'काता' मध्ये आदर आहे, क्रियापदाला काहीच लावायची गरज नाही.

बकुळ

बदललं. ४९ सेकंद. 'हाइकेन'चा नकाशावाला प्रश्न मी बाईंनाही विचारणार आहे, दोन आठवड्यांनी इथे येऊन सांगते त्या कोणाच्या बाजूने आहेत ते.

चाकणकर

मीही आज मेलचा साचा बदलला. हुद्दा आधी, नाव, मग सामा. बकुळ, तुमच्या बाईंना 'शाचोओसान'चंही विचाराल का?